तर्री लालभडक हवी, पण तिखट नको: तीन बिननावाच्या बरण्या आणि हळदीचा घोळ

पोहेवाली · बुधवार, रात्री ९:४०

रविवारी लेकाच्या सहाव्या वाढदिवसाला मिसळ करायची आहे. चौदा माणसं आहेत, त्यातली पाच पोरं, आणि सासऱ्यांना पित्ताचा त्रास. म्हणजे तिखट जवळजवळ नकोच. पण सासर कोल्हापूरचं, त्यामुळे कट लाल दिसला नाही तर माझं काही खरं नाही.

मागच्या वेळी असंच कमी तिखट केलं होतं. एरवी चार छोटे चमचे तिखट घालते, तेव्हा एकच घातलं. बाकी सगळं तेच ठेवलं: हळद एक चमचा, कांदा-खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला. तेल मात्र निम्मं केलं, तब्येतीचा विचार करून. झालं काय, तर पातेल्यात मातकट पिवळं काहीतरी तयार झालं. नणंदेने विचारलं, "मटकीची आमटी केलीस का?"

आता दुसरी अडचण. सासूबाई गावाकडून तीन बरण्या तिखट ठेवून गेल्यात आणि एकीवरही नाव नाही. फोनवर विचारलं तर म्हणतात, "अगं बघितल्यावर कळतं की." मला कळत नाही. कुठलं रंगाचं आणि कुठलं तिखट हे घरच्या घरी ओळखायचं कसं? आणि तिखट न वाढवता रंग कसा आणायचा?

---

सुगरण_नंबर_एक · बुधवार, रात्री ९:५८

एवढं काय त्यात! अर्धं बीट किसून वाटणात घाल. मी पावभाजीत नेहमी घालते, लालचुटुक होते. पोरांच्या पोटात बीटही जातं.

---

डंकगिरणी · बुधवार, रात्री १०:२५

पावभाजीत बीट चालतं, कारण तिथे रंग भाजीच्या गरात बसतो. तर्रीत नाही चालायचं. बीटाचा रंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. तर्री म्हणजे वर तरंगणारं तेल. खालचा रस्सा जांभळट होईल आणि वरचं तेल होतं तसंच पिवळं राहील. शिवाय कट अर्धा-पाऊण तास उकळतो, तेवढ्यात बीटाचा रंग तपकिरी पडतो.

पोहेवालीताई, आमची तिखट-मसाला कांडपाची गिरणी आहे, वडिलांपासूनची. उन्हाळ्यात रोज शंभर तऱ्हेच्या मिरच्या डंकाखालून जातात. तरी सांगतो, नुसतं बरणीकडे बघून मी पण चुकतो. आधी तिन्हींचं वर्णन लिहा. रंग, वास, जाड की बारीक, आणि मुठीत दाबल्यावर गोळा होतो का.

---

पोहेवाली · बुधवार, रात्री १०:५१

आत्ताच उघडून बघितल्या. शिंका येऊन येऊन डोळे सुजलेत.

बरणी अ: गडद लाल, थोडी काळपटच. जाडसर. मुठीत दाबली की गोळा होतो. वास गोडसर, मनुकांसारखा.

बरणी ब: भगवी म्हणावी इतकी उजळ. पिवळे कण दिसतात. शिंका हिच्यामुळे.

बरणी क: विटकरी, मळकट. वास फारसा नाहीच. मला वाटतं हीच सगळ्यात सौम्य. रविवारी हीच जास्त घालावी का?

---

डंकगिरणी · बुधवार, रात्री ११:२०

थांबा, क घालू नका. मळका रंग म्हणजे सौम्य तिखट, हा समज फार जणांचा आहे आणि त्यावर बरेच जण पोळलेत.

मिरचीत रंग एकीकडे असतो आणि तिखटपणा दुसरीकडे. रंग असतो सालीत. तिखटपणा असतो आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. त्यामुळे जाड सालीची, कमी जोराच्या शिरेची मिरची रंग भरपूर देते आणि जाळत नाही. ब्याडगी तशी आहे, तिच्यातही डब्बी. ती बुटकी, फुगीर, अंगावर सुरकुत्या असलेली असते. कड्डी तिचीच बहीण, पण लांब, सडपातळ आणि थोडी जास्त तिखट. उलट संकेश्वरी, लवंगी, गुंटुराकडची तेजा यांची साल पातळ आणि शिर जोरकस. त्या तिखटाला घ्यायच्या, रंगाला नाही.

आता दळल्यावर डोळे फसतात ते असे. बियांसकट दळलं की बियांचा पिवळा भुगा मिसळतो आणि तिखट भगवं दिसतं. बारीक दळलेलं उजळ दिसतं, जाड ठेवलेलं गडद. म्हणजे एकाच पोत्यातली मिरची दोन तऱ्हेने दळली तर बरण्या वेगळ्या दिसतील. त्यात उजेड लागून रंग उडतो. मिरचीचा रंग खिडकीतल्या काचेच्या बरणीत काही महिन्यांत विटतो, तिखटपणा मात्र बराच टिकून राहतो. तुमची क तसली असावी असा माझा संशय आहे.

म्हणून कोरडी पूड बघून ठरवायचं नाही, तेलात बघायचं. तीन पांढऱ्या बशा घ्या. प्रत्येकीत दोन छोटे चमचे कोमट तेल. बोट बुडवता येईल एवढंच गरम, जास्त नको. त्यात पाव पाव चमचा तिखट कालवून दहा मिनिटं ठेवा. मग बशी तिरपी करा आणि पुडीपासून सुटून आलेलं तेल बघा. तर्रीवर जो रंग येणार तो हाच.

चव बघायची तर याच तेलाचा एक थेंब चमचाभर उकडलेल्या बटाट्यात कालवून खा. पाण्यात कालवून बघू नका, तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, एखादा कण जिभेला लागला तर जाळतो आणि नाही लागला तर काहीच नाही. सगळ्यात सौम्य वाटतं ते आधी, आणि एक खाल्ल्यावर पूर्ण मिनिट थांबा, कारण काही मिरच्या उशिरा बोलतात. मधे दही खायचं.

---

अण्णा_सांगली · गुरुवार, सकाळी ६:१५

शुद्ध हळद ओळखायची तर सोपी युक्ती आहे. चिमूटभर हळदीत चुना कालवा. लालभडक झाली की शुद्ध. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच करतात. कुंकू तसंच तर बनतं.

---

टवाळ · गुरुवार, सकाळी ७:०२

अण्णा, प्रश्न तिखटाचा आहे. पण हरकत नाही, सांगलीकरासमोर हळद निघणारच.

---

क्षारआम्ल · गुरुवार, सकाळी ७:४०

अण्णांचं कुंकवाचं बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच. चुन्याने लाल होतं ते हळदीतलं करक्युमिन. म्हणजे चुना एवढंच सांगतो की यात हळद आहे. तिच्यासोबत दुसरं काही मिसळलंय का, हे तो सांगत नाही. निम्मी हळद आणि निम्मा स्टार्च असला तरी लाल होईलच. मी तीस वर्षं शाळेत हा प्रयोग पोरांकडून करून घेतला. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, तोही याच जातीचा.

मात्र अण्णांनी नकळत या धाग्याच्या कामाची गोष्ट आणली आहे. ताई, मटकी किंवा वाटाणे शिजवताना तुम्ही सोडा घालता का?

---

पोहेवाली · गुरुवार, सकाळी ८:१०

हो! मी मटकीत थोडे पांढरे वाटाणे घालते, ते शिजत नाहीत म्हणून चिमूटभर सोडा. चिमूटभर म्हणजे... पाव चमचा असेल. हळदही त्याच पाण्यात घालते.

---

क्षारआम्ल · गुरुवार, सकाळी ८:३२

मग मातकट रंगातला एक धागा हाती लागला. सोड्याच्या पाण्यात हळद पिवळी राहत नाही, तांबूस-तपकिरी होते. आंबट पडलं की परत पिवळी. रात्री वाटाणे आठ-दहा तास भिजवा, सोडा लागणार नाही. घातलाच तर ते पाणी ओतून द्या आणि हळद नंतर घाला.

---

टवाळ · गुरुवार, सकाळी ८:४०

म्हणजे सोडा वाढवला की हळदच लाल! तिखटाची गरजच नाही. रविवारचा प्रश्न सुटला.

---

डंकगिरणी · गुरुवार, सकाळी ९:०५

करून बघा. तो लाल म्हणजे गढूळ काव, आणि चव साबणाची. आणि वर लिंबू पिळलं की पाहुण्यांसमोर परत पिवळा.

पण हळदीचा खरा मुद्दा वेगळा आहे आणि ताईंची चूक मला तिथे दिसते. त्यांनी तिखट चार चमच्यांवरून एकावर आणलं, हळद मात्र एक चमचाच ठेवली. आधी चाराला एक होतं, आता एकाला एक झालं. लालात एवढं पिवळं पडलं की नारिंगीच होणार. हळदीचा रंगही तेलातच उतरतो, म्हणजे तो नेमका तर्रीवरच येऊन बसतो. तिखट कमी केलं की हळद त्याहून कमी करायची. चौदा माणसांच्या कटाला पाव चमचा पुष्कळ झाली, आणि तीही उसळीत, फोडणीत नाही. आमच्याकडे कोल्हापुरात काही जण कटात हळद घालतच नाहीत.

---

डॅलसची_मावशी · गुरुवार, सकाळी १०:३०

माझी गंमत सांगते. इथे नवीन आले तेव्हा दुकानातून 'चिली पावडर' लिहिलेली बाटली आणली. रंग छान गडद, म्हटलं ब्याडगीसारखीच आहे. मिसळ केली तर वास मेक्सिकन हॉटेलातला! मग बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. जिरं, लसूण पूड, ओरेगानो, मीठ, सगळं मिसळलेलं होतं. इथे त्या नावाने बहुतेक वेळा तयार मसालाच मिळतो.

आता मी रंगासाठी गोड पाप्रिका वापरते. मिरचीच आहे, तिखट जवळजवळ नाही. तेलात लाल रंग सुंदर उतरतो. फक्त धुराची पाप्रिका आणू नका, तीही मी एकदा आणली होती. वांग्याच्या भरीतात चालली, कटात नाही. पुण्यात मोठ्या दुकानांत मिळत असेल ना?

---

पोहेवाली · गुरुवार, दुपारी १:१५

मावशी, मिळते, पण सासूबाईंना कळलं की मिसळीत पाप्रिका आहे तर वाढदिवस माझा साजरा होईल.

बशांची परीक्षा झाली. अ चं तेल माणकासारखं लाल. बटाट्यात खाल्लं तर मिनिटाने जरा ऊब जाणवली, बस. ब चं तेल नारिंगी, आणि तिखट असं की मी अर्धी वाटी दही संपवलं. क चं तेल चहासारखं. आणि डंकगिरणी दादा, तुमचं खरं निघालं. क जवळजवळ ब इतकीच तिखट! सासूबाईंना परत फोन केला. म्हणाल्या, "ती होय, ती मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यातली, संकेश्वरी. खिडकीत होती." मी हीच चार चमचे घालणार होते.

पण आता अ ची भीती वाटतेय. एवढी लाल कशी? रंग मिसळलेला तर नसेल?

---

सुगरण_नंबर_एक · गुरुवार, दुपारी १:३०

पेलाभर पाण्यावर चिमूटभर टाक. रंगाचे दोरे खाली उतरले तर भेसळ. नुसती तरंगली आणि हळूहळू बसली तर चांगली.

---

क्षारआम्ल · गुरुवार, दुपारी ३:१०

पाण्यात विरघळणारा रंग असेल तर ही परीक्षा बरोबर. पण तेलात विरघळणारे रंगही असतात. सुदान नावाचा लाल रंग तसाच. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत तो सापडला आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्यापायी दुकानांतून शेकडो पदार्थ परत मागवावे लागले. तो पाण्यात उतरतच नाही, त्यामुळे पेल्यात दोरे दिसले नाहीत तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही. आणि बशीतलं तेल तर त्याने आणखी सुरेख दिसेल. त्याचा छडा प्रयोगशाळेतच लागतो. घरी करण्यासारखं एकच: अख्खी मिरची घेऊन समोर दळून आणणं.

---

पोहेवाली · गुरुवार, दुपारी ३:३५

मग अ ठीक असावी. सासूबाई स्वतः देठं मोडून, उन्हात वाळवून, डंकावर बसून कुटून आणतात. त्यांचा गिरणीवाल्यावरही विश्वास नाही. (सॉरी दादा.)

---

डंकगिरणी · गुरुवार, सायंकाळी ७:००

सॉरी कशाला, बरोबर करतात. आमच्या आईचाही आमच्यावर नाही.

---

गोंयकार · गुरुवार, रात्री ९:२०

आमच्याकडे रेशादाच्या मसाल्याला पूड वापरतच नाहीत. अख्खी काश्मिरी मिरची बिया काढून व्हिनेगरमध्ये भिजवायची आणि गंधासारखी वाटायची. जो लाल येतो तो कुठल्याही पुडीला येत नाही. तुम्हीसुद्धा कटाला भिजवलेली मिरची वाटून घाला. व्हिनेगर नको, गरम पाणी चालेल.

---

डंकगिरणी · गुरुवार, रात्री १०:१०

गोंयकार, तुमचं शंभर टक्के. एक शंका मात्र आहे. बाजारात काश्मिरी म्हणून जी मिळते ती पुष्कळदा ब्याडगीच असते. आमच्याकडे येणाऱ्या पोत्यांत तरी तेच बघतो. रंगाला काही बिघडत नाही, भाव मात्र काश्मिरीचा लागतो.

ताई, आता रविवारचं नीट सांगतो.

पंधरा डब्बी मिरच्या घ्या. देठ मोडायचं, उभी चिरून बिया झटकायच्या आणि आतली पांढरी शिर बोटाने ओढून काढायची. नुसत्या बिया झटकून भागत नाही, शिर राहिली तर तिखट राहिलं. गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवा, उकळत्या नव्हे. अगदी मऊ वाटा. साली दाताखाली येत असतील तर गाळून घ्या.

तेल कमी करू नका. तुमच्या तर्रीला रंग न येण्याचं अर्धं कारण तेच होतं. रंग तेलात उतरतो, तेलच नसेल तर तो दिसणार कुठे? चौदा जणांना एक मोठी वाटी तेल लागेल. नको असेल त्याने ताटात वरचं काढून टाकावं.

कांदा परतून झाला की आच मंद करून मिरचीचं वाटण घाला, कडेने तेल सुटेपर्यंत परता. दहा-बारा मिनिटं लागतात, घाई नको. खोबरं बदामी भाजा, काळं नको. काळ्या खोबऱ्याने चव छान येते, पण कट तपकिरी होतो आणि मग माणूस रंगासाठी तिखट वाढवत बसतो. पाणी गरमच घाला. शेवटी गॅस बंद करून झाकण ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. तर्री तेवढ्यात वर येते.

अ बरणीतलं दोन मोठे चमचे तिखटही घालायचं, पण तेलात थेट टाकू नका. आधी पाण्यात सरसरीत कालवा, मग वाटणासोबत घाला. कोरडं टाकलं की जळतं.

---

पोहेवाली · शनिवार, दुपारी ४:४०

रंगीत तालीम केली, अर्ध्या मापात. बिघडली. मिरचीचं वाटण मस्त झालं होतं. पण मला वाटलं अजून रंग यावा, म्हणून वेगळ्या कढल्यात तेल कडकडीत तापवून अ चं तिखट टाकलं, शेंगदाण्याच्या चटणीवर घालतो तसं. दहा सेकंदांत काळं. ओतायचा मोह आवरला नाही, ओतलं. कट कॉफीसारखा आणि कडू. उद्या माणसं येणार आहेत.

---

डंकगिरणी · शनिवार, सायंकाळी ५:१५

कडू झालेलं सुधारत नाही, गूळ घालूनही नाही. टाका आणि झोपा.

वरून घालायला रंगाचं तेल करायचंच असेल तर असं करा. अर्धी वाटी तेल तापवा, गॅस बंद करा, तीन-चार मिनिटं थांबा. मग तिखटाची एकच चिमूट टाकून बघा. हळू फसफसली आणि लाल राहिली तर ठीक. लगेच काळपट झाली तर अजून थांबा. मग दोन चमचे अ घाला, ढवळा, अर्धा तास तसंच ठेवा आणि मलमलीतून गाळा. आजच करून ठेवा.

एक लक्षात ठेवा, हे फक्त अ चं करता येतं. ब चं तेल केलं तर रंगाबरोबर तिखटपणाही त्याच तेलात उतरेल, दोन्ही तेलाचेच सोबती. तिखट मिरचीतून नुसता रंग काढणं घरी जमत नाही. कारखान्यात ब्याडगीचा अर्क काढतात, तो खाद्यपदार्थांत जातो आणि लिपस्टिकमध्येही. आपल्याकडे मलमल आहे.

ज्यांना झणझणीत हवं त्यांच्यासाठी ब चं चार चमचे तेल असंच वेगळं करा, छोट्या वाटीत. पण दोन वाट्यांवर खूण करा, दिसायला ती वाटी अ पेक्षा फिकी असेल. कोणीतरी फिकी म्हणून पोराच्या ताटात ओतेल.

---

सुगरण_नंबर_एक · शनिवार, रात्री ८:००

रतनजोत मिळालं तर तेलात टाक ना. काश्मिरी रोगनजोशला घालतात, तेही तेलातच उतरतं. थेंबभरही तिखट नाही.

---

क्षारआम्ल · शनिवार, रात्री ८:४५

उतरतं खरं, पण तो लाल किरमिजीकडे झुकतो, आणि सोड्याच्या पाण्यात निळसर-जांभळा होतो. ताईंचा वाटाण्यांचा इतिहास बघता नको.

---

अण्णा_सांगली · शनिवार, रात्री ९:३०

कटात हळद घालत नाहीत हे मला पटलेलं नाही. हळदीशिवाय फोडणी कच्ची लागते.

---

डंकगिरणी · शनिवार, रात्री ९:५०

अण्णा, पाव चमचा ठेवलीय की.

---

अण्णा_सांगली · शनिवार, रात्री ९:५५

पाव चमचा म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून.

---

पोहेवाली · रविवार, रात्री १०:३०

झालं एकदाचं! वाटाणे रात्रभर भिजवले, सोडा नाही. पंधराऐवजी अठरा मिरच्या घेतल्या, तीन फार लहान होत्या. हळद पाव चमचा, उसळीत. खोबरं बदामी. वीस मिनिटं झाकण उघडलं नाही, लेकाला पातेल्यापाशी पहाऱ्यावर बसवलं होतं. झाकण काढलं तर वर लाल तेलाचा थर. गाळलेलं तेल शेवटी निम्मंच लागलं.

पोरांनी दोन-दोन वेळा घेतली. सासऱ्यांनी पाव जास्त आणि कट कमी खाल्ला, आत्तापर्यंत तरी पित्त नाही. नवऱ्याने ब ची वाटी एकट्याने संपवली. सासूबाई म्हणाल्या, "रंग कोल्हापूरचा, चव पुण्याची." कौतुक होतं की टोमणा, अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट नाही जमली. दुपारी उरलेला कट संध्याकाळी गरम केला तर रंग फिका झाला होता. सकाळचा लाल गेला, नारिंगी उरला. असं का?

---

डॅलसची_मावशी · रविवार, रात्री ११:१०

माझ्याकडेही होतं. मला वाटतं फरसाण पडलेलं असतं त्यामुळे.

---

डंकगिरणी · सोमवार, सकाळी ८:००

वरचं तेल पहिल्या पंगतीतच वाढलं गेलं, तर खाली कमी उरतं, हे एक. दुसरं, परत खळखळून उकळलं की तेल रश्शात मिसळून दुधाळ होतं आणि लाल फिकट दिसतो. मंद गरम करून पंधरा मिनिटं थांबला असता तर थोडा परत आला असता. सगळा नाही. उकळण्याने रंगही जरा मरतोच, किती ते मी मोजलेलं नाही.

टोमणा आहे तो.

---

पोहेवाली · सोमवार, सकाळी ९:२०

बरण्यांवर मार्करने नावं टाकली. अ वर 'ब्याडगी, रंगाला', ब वर 'संकेश्वरी, सांभाळून'. अ आणि ब कपाटात अंधारात गेल्या. सासूबाई क मात्र टाकू देत नाहीत. "तिखट आहे ना अजून, मग?" काय करू त्या बरणीचं?

---

गोंयकार · सोमवार, सकाळी ९:४५

जिथे रंगाचं काम नाही तिथे वापरा. काळ्या वाटाण्याच्या उसळीत कोण बघतंय?

---

टवाळ · सोमवार, सकाळी १०:००

मुंग्यांच्या वाटेवर टाका.

---

अण्णा_सांगली · सोमवार, सकाळी १०:०४

मुंग्यांना हळद टाकतात, तिखट नव्हे.

---

टवाळ · सोमवार, सकाळी १०:०६

दोन्ही टाका. नारिंगी होईल.